डार्क अकॅडेमियाचे कपडे: कापड, रंग आणि थर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही हिवाळ्यांत मला मेसेजमधून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न जोडून घेतलेत. जिथे उत्तर दुसरीकडे सविस्तर आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. डार्क अकॅडेमिया म्हणजे नेमकं काय? ही फॅशन आहे की कसला युनिफॉर्म?

जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन विद्यापीठांमध्ये साधारण १९२० ते १९५० च्या दरम्यान विद्यार्थी आणि प्राध्यापक जे कपडे घालत, त्यांची आज केलेली आठवण म्हणजे डार्क अकॅडेमिया. ट्वीडचं जाकीट, फ्लॅनेलची किंवा कॉर्डरॉयची पँट, लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, सुती शर्ट, चामड्याचे बूट. हे नाव टम्बलरवर रुजलं आणि २०२० मध्ये कॉलेजं बंद पडून सगळे घरी बसले तेव्हा इन्स्टाग्राम-टिकटॉकवर एकदम पसरलं. मागची साहित्यिक प्रेरणा विचाराल तर डोना टार्ट यांच्या १९९२ च्या ‘द सिक्रेट हिस्टरी’ या कादंबरीचं नाव सगळे घेतात.

युनिफॉर्म मात्र नाही. माझ्या मते या शैलीची ओळख कपड्यांच्या यादीवरून पटत नाही, कापडाच्या पृष्ठभागावरून पटते. उजेड पडल्यावर कापड चमकलं तर ते इथलं नाही. उजेड पिऊन घेतला आणि जवळ गेल्यावर धाग्यांचा पोत दिसला तर ते इथलं. पुढची बरीचशी उत्तरं या एकाच गोष्टीवर उभी आहेत.

२. तपकिरी आणि काळं घातलं की झालं का? रंग नेमके कोणते?

तपकिरी हवाच, पण एकटा तपकिरी फार लवकर मातकट दिसतो. मुख्य रंग असे: कॉफीसारखा गडद तपकिरी, कोळशासारखा राखाडी, बाटलीचा हिरवा, सुकत आलेल्या रक्तासारखा गडद लाल आणि गडद निळा. त्यांना उठाव द्यायला सायीसारखा पांढरा आणि थोडा मोहरीचा पिवळा. काळा चालतो, पण बूट, पट्टा, मोजे किंवा ओव्हरकोट एवढ्यापुरताच ठेवावा. सगळाच पोशाख काळा झाला की तो दुसऱ्या शैलीत जातो (प्रश्न ९).

शर्ट पांढराशुभ्र घेऊ नका. नीळ घातल्यासारखा थंड पांढरा रंग ट्वीडशेजारी ट्यूबलाइटसारखा उठून दिसतो. सायीचा, न धुवलेल्या कापसाचा पांढरा घ्या. पोशाख बदलून टाकणारी ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

आणखी एक. जुन्या लोकरीच्या कापडात दुरून एक रंग दिसतो, तो जवळून एक नसतो. माझ्याकडे एक जाकीट आहे, दोन हातांवरून निव्वळ तपकिरी दिसतं. त्याच्या आतल्या शिलाईतून एक धागा काढून पांढऱ्या कागदावर उसवला, तर त्यात गंजासारखे, शेवाळी, पिवळे आणि दोन-चार चक्क निळे तंतू निघाले. सूत कातण्याआधीच लोकर रंगवून, वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजली की असा रंग येतो. कापड विणून झाल्यावर एकाच रंगात बुडवलं तर हे होत नाही. म्हणून स्वस्तातलं ‘ट्वीड प्रिंट’ कापड लांबून फसवतं आणि जवळून सपाट दिसतं.

३. ट्वीड म्हणजे काय? खरं ट्वीड दुकानात ओळखायचं कसं?

ट्वीड हे मूळचं स्कॉटलंडचं आणि आयर्लंडचं जाडसर लोकरी कापड. त्यातलं सूत पिंजलेल्या लोकरीचं असतं, विंचरलेल्या नाही. विंचरलं की तंतू एका दिशेला सरळ बसतात आणि सूत गुळगुळीत होतं. सुटाचं तलम कापड त्याचं. नुसतं पिंजलं की तंतू वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले राहतात, त्यांच्यात हवा अडकते, म्हणून ऊब येते आणि कापडावर बारीक लव राहते. विणकाम बहुतेकदा ट्विलचं, म्हणजे तिरप्या रेघांचं. ती तिरपी रेघ ठरावीक अंतरावर उलट फिरवली की माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते, ती हेरिंगबोन. नवशिक्यानं पहिलं जाकीट हेरिंगबोनचंच घ्यावं, ते कशाही खाली-वर बसतं.

दुकानात तीन गोष्टी करा. कापड मुठीत पाच सेकंद दाबून सोडा: लोकर बहुतेक सुरकुत्या स्वतःच सोडते. मग तळहातानं उलटसुलट चोळा: लोकर थोडी टोचते आणि कोमट लागते, पॉलिएस्टर गुळगुळीत आणि गार लागतं. शेवटी कापड उजेडात तिरपं धरा आणि चकाकी दिसते का बघा.

विकत घेतल्यावर खात्री करायची असेल तर आतल्या शिलाईतला एक धागा काढून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि बोटानं चुरली जाणारी काळी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि त्याची टणक गुठळी होते. मिश्र कापडात दोन्ही होतं, राखेत टोचणारे कण सापडतात. मी ऑनलाइन ‘शंभर टक्के लोकर’ म्हणून घेतलेल्या जाकिटाचा धागा असा जाळला, तर निव्वळ गुठळी निघाली. परत करायची मुदत तोवर संपली होती. तेव्हापासून पार्सल आलं की पहिल्याच दिवशी धागा काढते.

४. हॅरिस ट्वीड आणि साधं ट्वीड यात फरक काय? तेवढे पैसे द्यावेत का?

हॅरिस ट्वीड या नावाला ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याचं संरक्षण आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. तिथल्या रहिवाशांनी स्वतःच्या घरी हातानं विणलेलं, तिथेच रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध नव्या लोकरीचं, तिथेच अंतिम प्रक्रिया झालेलं कापड, तेवढंच हॅरिस ट्वीड. त्याच्यावर गोल आणि त्यावर क्रूस असं चिन्ह असतं. ते जाकिटाच्या आत विणलेल्या लेबलवर दिसतंच, शिवाय कापडाच्या उलट्या बाजूलाही उमटवलेलं असतं.

हे कापड जड आहे. भारतात फक्त डिसेंबर-जानेवारीत घालणार असाल तर नव्या हॅरिस ट्वीडवर पैसे घालू नका असंच मी सांगेन. जुन्या कपड्यांच्या बाजारात मिळालं तर सोडू नका. लीड्स, एडिंबरा, टोरंटोकडून विचारणाऱ्यांना मात्र उलटं सांगते: तिथल्या धर्मादाय दुकानांमध्ये ही जाकिटं येतात आणि एकच जाकीट पुढची वीस वर्षं टिकतं.

जुनं घेताना खांदा बसतोय का एवढंच बघा. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, अस्तर बदलता येतं. खांदा बदलायचा म्हणजे अख्खं जाकीट उसवायचं. कोणताही चांगला टेलर त्याला नको म्हणेल.

५. ट्वीड परवडत नाही. कॉर्डरॉय चालेल का?

चालेल असं नाही, हवंच. फक्त रेघ बघून घ्या. कॉर्डरॉयची जाडी एका इंचात किती उभ्या रेघा बसतात त्यावर मोजतात. आठच्या आसपास असेल तर रेघ रुंद, पँट भारदस्त दिसते. अकरा ही नेहमीची. सोळाच्या वर गेलं की ते शर्टाचं कापड. पँटसाठी आठ ते अकरा घ्या. रेघा जितक्या रुंद तितका गुडघा आणि मांड्या जाड दिसतात हेही लक्षात असू द्या.

कापड सुती असावं. त्यात दोन टक्के लायक्रा असली तर हरकत नाही, पण पॉलिएस्टरच्या कॉर्डरॉयला मखमलीसारखी चमक येते आणि प्रश्न १ मधली कसोटी तिथेच संपते. शिवून घेणार असाल तर टेलरला सांगा की सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे. लव एका पायावर वरच्या आणि दुसऱ्यावर खालच्या दिशेला गेली तर दोन पाय दोन वेगळ्या रंगांचे दिसतात. हे माझ्या एका मैत्रिणीच्या पँटचं झालं आणि शिवून झाल्यावर त्याला उपाय नाही.

६. थर कसे घालायचे? माझं नेहमी गोणपाटासारखं फुगतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. फुगण्याची कारणं बहुतेक तीनच असतात, ती एका पोशाखावर दाखवते. समजा डिसेंबरातली पुण्यातली सकाळ आहे, बाहेर बारा अंश, आणि जवळ हे आहे: सुती शर्ट, पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर, ट्वीडचं जाकीट, जीन्स.

पहिली अडचण मुंढ्यात. शर्टाची बाही, तिच्यावर स्वेटरची जाड बाही आणि तिच्यावर जाकिटाची, असं तिन्ही काखेत अडकतं आणि हात खाली सरळ येत नाही. म्हणून या शैलीत बिनबाह्यांचा स्वेटर आहे. तो शोभेला नाही, मुंढा मोकळा ठेवायला आहे. ऊब छातीला आणि पाठीला हवी असते, दंडाला जाकीट पुरतं. जाड स्वेटर काढा, पातळ विणीचा, व्ही गळ्याचा बिनबाह्यांचा घाला. जाकीट घेताना नेहमी आत शर्ट आणि असा स्वेटर घालूनच मापून बघा. नुसत्या टी-शर्टावर बसलेलं जाकीट हिवाळ्यात बसत नाही.

दुसरी अडचण कंबरेत. आजची जीन्स नाभीच्या बरीच खाली बसते, स्वेटर तिच्यापर्यंत पोचत नाही आणि मध्ये शर्टाची पांढरी पट्टी डोकावते. ती झाकायला लांब स्वेटर घेतला की तो पोटावर गोळा होतो. १९३० च्या दशकात पँट नाभीजवळ बसायची आणि आखूड स्वेटर तिला बरोबर भिडायचा. उंच कंबरेची पँट किंवा प्लीट्सचा स्कर्ट घेतला की हे आपोआप सुटतं.

तिसरी अडचण थरांच्या जाडीची. आतून बाहेर प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जाड आणि खरखरीत हवा. शर्ट गुळगुळीत, त्यावर मऊ वीण, त्यावर ट्वीड. उलटं झालं की कापड एकमेकांना धरतं आणि बाह्या वर चढतात. जाकिटाच्या बाहीला अस्तर असतं ते याचसाठी.

मग शेवटचा हात फिरवा. आतल्या प्रत्येक थराची कड थोडी दिसली पाहिजे: गळ्याशी शर्टाची कॉलर, मनगटाशी बाहीच्या बाहेर एक-दीड सेंटीमीटर कफ, जाकिटाच्या उघड्या भागात स्वेटरचा गळा. थर दिसतात ते या कडांमुळे. कडा लपल्या तर आत चार कपडे असूनही बाहेरून फक्त जाडी दिसते.

७. एकावर एक चौकटी आणि नक्षी घालता येते का?

येते, नक्षींचा आकार वेगळा असेल तर. मोठ्या चौकटीचं जाकीट, त्यात बारीक रेघांचा शर्ट चालतो. एकाच आकाराच्या दोन चौकटी शेजारी आल्या की डोळे दुखतात. दोनपर्यंत ठीक, तिसरा कपडा साधा ठेवा. टाय लावत असाल तर सॅटिनची नको, लोकरीची किंवा विणलेली घ्या.

८. मुंबईत हे शक्यच नाही ना? आणि साडीत, कुर्त्यात जमतं का?

मुंबईत लोकर विसरा. पोत आणि रंग ठेवा, ऊब सोडा. जाडसर हातमागाची खादी, लिनन, मटका सिल्क यांना स्वतःची खरखर असते आणि ती चमकत नाहीत. थर दोनच: सायीच्या रंगाचा खादीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वर गडद हिरव्या लिननचं बिनअस्तराचं बास्कट. ‘बिनअस्तराचं’ हा शब्द टेलरला दोनदा सांगा. घाम फुटतो तो बहुतेक वेळा वरच्या कापडामुळे नाही, आतल्या पॉलिएस्टरच्या अस्तरामुळे.

साडीत फार सुंदर जमतं. सुती इरकल घ्या, गडद लाल किंवा बाटली हिरवी. रंग मुळातच या शैलीचे आहेत आणि अंगावर चमक नाही. ब्लाउजऐवजी सायीचा कॉलरवाला शर्ट आत, थंडी असेल तर वर ट्वीडचं जाकीट, पदर जाकिटाच्या बाहेर मोकळा. पैठणीला मी इथे नाही म्हणते. पैठणी उजेड परत फेकण्यासाठी विणलेली असते, तो तिचा गुण आहे, आणि याच गुणामुळे ती ट्वीडशेजारी बसत नाही. खणाच्या कापडाचं बास्कट मला अनेकांनी पाठवून विचारलं. सुती, कमी चमकीचा खण असेल तर जरूर शिवा.

कुर्त्यावर बंद गळ्याचं जाकीट चालतं. घोंगडीचं जाकीट मात्र शिवायला जाऊ नका. दख्खनी मेंढीची लोकर फार राठ असते, मुंढ्याला वळत नाही. घोंगडी खांद्यावर टाकायला आहे, तशीच टाका.

९. गॉथ, प्रेपी आणि लाइट अकॅडेमिया यांच्यापासून हे वेगळं कसं?

गॉथमध्ये काळा रंग हा पोशाखाचा पाया. लेस, चामडं, मखमल, धातू येतात. प्रेपीचा जन्म अमेरिकन विद्यापीठांतच, म्हणून ती सख्खी बहीण, पण तिचे रंग स्वच्छ आणि उजळ असतात आणि कपडे नवे कोरे दिसतात. लाइट अकॅडेमिया म्हणजे हेच कपडे बेज, पांढऱ्या, फिकट राखाडी रंगात, लिननमध्ये. शंका असेल तर जाकिटाचा कोपर बघा: डार्क अकॅडेमियात तो झिजलेला चालतो.

१०. कोपरावरची ठिगळं मुद्दाम लावायची का?

ती मुळात दुरुस्ती होती. टेबलावर कोपर टेकून लोकर झिजते, भोक पडायच्या बेताला येते, मग त्यावर चामडं लावायचं. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांवर रेशन होतं, कूपनं लागत, तेव्हा जाकीट टिकवण्यावाचून पर्यायच नव्हता. नव्या जाकिटावर कारखान्यातून चिकटवून आलेलं ठिगळ मला आवडत नाही, पण तुमचं जुनं जाकीट खरंच झिजलं असेल तर आनंदानं लावा.

लावताना जाकीट अंगात घाला, हात काटकोनात वाकवा आणि कोपराच्या हाडावर खडूनं खूण करा. हात सरळ ठेवून खूण केली तर ठिगळ नेमक्या जागी बसत नाही. मऊ स्वेड वापरा, चकचकीत रेक्झिन नको. शिवताना बाहीच्या आत एखादी बाटली घाला म्हणजे सुई अस्तरात जात नाही.

झिजलेलं आणि मळकं यात फरक आहे. कॉलर तेलकट, कफ काळपट असेल तर तो पोशाख जुना दिसत नाही, न धुतलेला दिसतो. शर्टाला इस्त्री, बुटाला पॉलिश, हे चुकवू नका.

११. बूट कोणते?

तपकिरी किंवा गडद लाल चामड्याचे, लेसचे बूट नाहीतर लोफर. त्यावर टोचून काढलेली भोकांची नक्षी असेल तर ते ब्रोग, ट्वीडबरोबर हेच सगळ्यात चांगले. पेटंट लेदर नको. पावसाळ्यात चामडं घालून फिरू नका.

१२. हा तर गोऱ्या साहेबांचा पोशाख. आपण का घालावा?

हा प्रश्न मला रागानंही विचारला गेलाय आणि तो योग्य आहे. या शैलीच्या चित्रांत दिसणारी ती विद्यापीठं फार थोड्यांसाठी उघडी होती. पण त्या वर्गांत आपली माणसंही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. ज्या समाजाला नीट कपडे घालण्याचीही मुभा नाकारली गेली होती, त्यातल्या माणसाच्या अंगावरच्या सुटाचा अर्थ ऑक्सफर्डच्या उमरावपुत्राच्या सुटापेक्षा अगदी वेगळा होता. म्हणून ‘हे कपडे त्यांचेच’ हे मला मान्य नाही. इंग्रज दिसण्याची धडपड नको, हे मान्य आहे. म्हणूनच प्रश्न ८ मध्ये इरकल आहे.

१३. माझ्याकडे चांगल्या मापाचं पण चमकणारं पॉलिएस्टर ब्लेझर आहे. फेकू का?

फेकू नका. चमक घालवता येत नाही, झाकता येते. ते मधला थर करा: वर लांब लोकरी किंवा जाड सुती ओव्हरकोट, म्हणजे ब्लेझरची फक्त कॉलर दिसेल. ओव्हरकोट ब्लेझरपेक्षा लांब हवा, खालून ब्लेझर डोकावलं तर सगळं बिघडतं. आणि चमकणारी प्लॅस्टिकची बटणं काढून शिंगाच्या किंवा लाकडाच्या रंगाची लावा.

१४. वर्षातले दहा महिने ट्वीड कपाटातच असतं. कसर लागते. काय करायचं?

कसर म्हणजे पतंगाची अळी, आणि ती घामाचे, अन्नाचे डाग असलेली लोकर आधी खाते. म्हणून आत ठेवण्याआधी ब्रशनं झटकून काढा, डाग ओल्या फडक्यानं टिपा, एक दिवस वाऱ्यावर सावलीत टांगा. गरज असेल तरच ड्रायक्लीनला द्या, वर्षातून एकदा पुरे. मशीनमध्ये कधीही नाही. गरम पाणी आणि घुसळण यांनी लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते आणि पुन्हा सुटत नाही.

मग सुती गवसणीत, रुंद खांद्याच्या हँगरवर. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर पावसाळ्यात आत बुरशी येते. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका, पुरचुंडीत बांधून वर टांगा. कडुनिंबाच्या पाल्याचा वास राहतो तोवर थोडा उपयोग होतो, पण आत आधीच अळी असेल तर त्यानं ती मरत नाही. कॉलरच्या खाली आणि खिशाच्या झाकणाखाली जिऱ्यासारखे पांढरे कोष दिसले तर जाकीट बंद पिशवीत घालून तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता गारवा पूर्ण जाऊ द्या, मग ब्रशनं झटका. पडलेली भोकं त्याच जाकिटाच्या आतल्या शिलाईतला धागा काढून रफू करून घ्या. रंग तंतोतंत जुळतो.